पेटीचा आकडा पडद्याला विचारून ठरवा



आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांना क्रिकेटचे भारी वेड. सामना सुरू झाला की ते दूरदर्शन संचासमोर सहा फुटांवर खुर्ची टाकून बसतात. मध्यंतरी त्यांनी नवीनच तक्रार सुरू केली. "धावफलकावरचा 8 आहे की 6 आहे, तेच मला कळेनासे झाले आहे. चष्म्याचा नंबर वाढला असणार." डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा दिवसही ठरला. त्यांची नात नववीत शिकते. ती म्हणाली, "काका, मलासुद्धा तो आकडा नीट दिसत नाही. मला तर चष्मा नाही!"

मुलीने केलेले हे निरीक्षण महत्त्वाचे होते. दोन वेगवेगळ्या माणसांच्या डोळ्यांना एकच दोष एकाच ठिकाणी दिसतो, तेव्हा दोष डोळ्यांत नसून चित्रात असण्याचा संभव अधिक. गंमत अशी की, या घरात एचडी वाहिन्यांसाठी दरमहा जादा पैसे भरले जात होते. म्हणजे बारीक तपशिलाचे चित्र विकत घेतले जात होते, घरापर्यंत येतही होते, आणि मग घरातल्याच एका पेटीत त्यातला काही भाग टाकून दिला जात होता. ती पेटी म्हणजे सेट-टॉप बॉक्स. हे कसे घडते आणि ते कसे टाळावे, याविषयी माझे एक मत आहे. ते तुमच्यापुढे मांडतो. पटते का पाहा; न पटल्यास प्रयोग करून खोडून काढा.

तीन आकडे

दूरदर्शनचे चित्र आडव्या रेषांचे बनलेले असते आणि प्रत्येक रेषा लहान लहान चित्रबिंदूंची बनलेली असते. रेषा किती आणि एका रेषेत बिंदू किती, या मांडणीला रेझोल्यूशन म्हणतात. तुमच्या घरात या मांडणीचे एक नव्हे, तीन आकडे एकाच वेळी नांदत असतात.

पहिला आकडा वाहिनीचा. आपल्या देशात साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचे चित्र ५७६ रेषांचे असते आणि त्या प्रत्येक रेषेत जास्तीत जास्त ७२० बिंदू असतात. एचडी वाहिनीच्या चित्रात १०८० रेषा आणि प्रत्येक रेषेत १९२० बिंदू असतात. दुसरा आकडा पेटीचा. वाहिनीकडून आलेले चित्र पेटी जसेच्या तसे पुढे पाठवतेच असे नाही. ती ते तिच्या सेटिंगमध्ये ठरवून दिलेल्या मापाचे करून पाठवते. तिसरा आकडा पडद्याचा. हा कारखान्यात कायमचा ठरलेला असतो. पडद्यावर जेवढे बिंदू बसवले तेवढेच; कोणतेही बटण दाबून ते वाढत नाहीत की कमी होत नाहीत.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा संच काचेच्या नळीचे होते. त्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत एकामागून एक रेषा आखत जाई. प्रक्षेपण ६२५ रेषांचे होते आणि त्यांपैकी ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या होत्या. संचही त्याच पद्धतीला अनुसरून तेवढ्याच रेषा आखी. पाठवणारा आणि दाखवणारा यांचा आकडा एकच होता. सपाट पडदे आले आणि पडद्याचा आकडा वाहिनीच्या आकड्यापासून वेगळा झाला. तेव्हापासून मध्ये कोणीतरी चित्र ताणावे किंवा आक्रसावे लागते. हे काम पेटीही करू शकते आणि संचही करू शकतो. खरा घोटाळा होतो तो दोघांनीही ते केल्यामुळे.

आजोबांच्या घरातले तीन आकडे

आजोबांचा संच ३२ इंची, 'एचडी रेडी' प्रकारचा. त्याच्या माहितीपुस्तिकेत पडद्याची मांडणी १३६६ × ७६८ अशी दिली होती. हा आकडा तुम्हाला विचित्र वाटेल. संगणकाचे पूर्वीचे बरेच पडदे १०२४ × ७६८ मांडणीचे असत. रेषा तेवढ्याच ठेवून पडद्याचे प्रमाण १६ : ९ करायचे, तर ७६८ ला १६ ने गुणून ९ ने भागावे लागते. करून पाहा. उत्तर १३६५ आणि एकतृतीयांश येते. बिंदूचा तुकडा तर करता येत नाही, म्हणून झाले १३६६.

त्या दिवशी आजोबा जी क्रीडावाहिनी पाहत होते ती एचडी होती, म्हणजे तिचा आकडा १०८०. पडद्याचा आकडा ७६८. आता उरला पेटीचा. पेटीच्या रिमोटवरील Menu, मग Settings, मग Resolution असे पाहत गेलो. तेथे 576p, 720p, 1080i आणि 1080p असे चार पर्याय होते आणि खूण 720p समोर होती. (काही पेट्यांत हे पान Display किंवा Video या नावाखाली सापडते.)

पेटी बसवणाऱ्या माणसाने ही खूण केली होती. त्याचे कारण आजोबांना आठवत होते: "एचडी रेडी म्हणजे ७२०, असे तो म्हणाला." हा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे. 'एचडी रेडी' ही खूण युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने २००५ साली ठरवली. तिची अट अशी होती की, पडद्यावर किमान ७२० रेषा असाव्यात आणि संचाला 720p व 1080i ही दोन्ही प्रकारची चित्रे स्वीकारता यावीत. म्हणजे ७२० ही खालची मर्यादा आहे, पेटीला दिलेली आज्ञा नव्हे.

आलेखाच्या कागदावर एक प्रयोग

पेटी 720p वर असल्याने बिघडले काय? हे समजण्यासाठी आलेखाचा कागद आणि पेन्सिल घ्या.

बारा चौकोन उंचीची एक पट्टी आखा. तिचे चार-चार चौकोनांचे तीन भाग करा. वरचा भाग काळा, मधला पांढरा, खालचा काळा रंगवा. या झाल्या एचडी वाहिनीच्या तीन रेषा. आता १०८० चे ७२० करायचे म्हणजे तीन रेषांच्या दोन करायच्या. म्हणून शेजारी तेवढ्याच उंचीची दुसरी पट्टी आखून तिचे सहा-सहा चौकोनांचे दोन भाग करा. वरच्या भागाच्या वाट्याला काय आले? चार चौकोन काळे आणि दोन पांढरे. त्यांचे मिश्रण म्हणजे गडद करडा. खालच्या भागाच्या वाट्याला? दोन पांढरे, चार काळे. पुन्हा तोच गडद करडा!

मूळ चित्रात दोन काळ्या रेषांमध्ये एक पांढरी रेषा होती. आता दोन सारख्याच करड्या रेषा उरल्या. पांढरी रेषा नाहीशी झाली. या दोन करड्या रेषा पाहून, मुळात मध्ये पांढरे होते की सगळेच करडे होते, हे कोणालाही सांगता येणार नाही. पुढचा संच कितीही महाग असला तरी त्यालाही ते कळणार नाही.

आता 8 आणि 6 हे आकडे आठवा. दोन्हींत दोन पोकळ्या दिसतात. फरक एवढाच की, 6 ची वरची पोकळी उजवीकडे उघडी असते. ती उघडी जागा धावफलकावरच्या लहान आकड्यात जेमतेम दोन-तीन रेषांची असते. ती करडी झाली की 6 चा 8 होतो. आजोबांना दिसत नव्हती ती हीच जागा.

प्रत्यक्ष पेटीतले गणित आपल्या चौकोनांच्या गणिताहून गुंतागुंतीचे असते. ते शेजारच्या अनेक रेषा विचारात घेऊन कडा शक्य तेवढ्या टिकवते. पण जास्त रेषांच्या कमी रेषा करताना काही तपशील जातो, हे कोणत्याही गणिताला टाळता येत नाही.

गोष्ट येथेच संपत नाही. पेटीने केलेले ७२० रेषांचे चित्र संचाला मिळते. संचाच्या पडद्यावर तर ७६८ रेषा. मग संच ते पुन्हा ताणतो. ७२० आणि ७६८ या दोन्ही संख्यांना ४८ ने भाग जातो: १५ आणि १६. म्हणजे दर १५ रेषांच्या १६ कराव्या लागतात. अशा प्रत्येक गटाच्या टोकांना नवी रेषा जुन्या रेषेवर जवळजवळ बरोबर बसते, मध्यावर मात्र ती दोन जुन्या रेषांच्या मधोमध पडून निम्मी-निम्मी मिसळते. संचातले गणित साधे असेल, तर पडद्यावर वरपासून खालपर्यंत असे ४८ पट्टे तयार होतात, आणि प्रत्येक पट्ट्यात चित्र टोकाशी स्पष्ट तर मध्ये पुसट असते. ३२ इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे असा एक पट्टा जवळपास ८ मिलिमीटरचा. चित्रपटाच्या शेवटी नावे खालून वर सरकतात तेव्हा अक्षरे एकदा रेखीव, एकदा पुसट अशी धडधडताना दिसली, तर कारण बहुधा हेच असते.

म्हणजे आजोबांच्या घरात १०८० चे आधी ७२० झाले आणि मग ७२० चे ७६८ झाले. हंड्यातले पाणी कळशीत ओतायचे असताना ते आधी लहान तांब्यात ओतावे, सांडेल ते सांडू द्यावे, आणि उरलेले कळशीत ओतावे, असा हा प्रकार.

माझे मत

वरील प्रयोगातून एक नियम निघतो. वाहिनीचा आकडा आणि पडद्याचा आकडा यांपैकी जो लहान असेल, त्याहून लहान आकडा पेटीवर कधीही ठेवू नये. वाटेत चित्र एकदा आक्रसले की गेलेला तपशील परत येत नाही. हा नियम पाळल्यावर उरलेल्या पर्यायांतून असा निवडावा की, चित्राचे माप कमीत कमी वेळा बदलेल.

आजोबांच्या बाबतीत लहान आकडा ७६८. त्याहून ७२० लहान आहे, म्हणून 720p बाद. उरले 1080i आणि 1080p. या दोन्हींत वाहिनीचे १०८० रेषांचे चित्र संचापर्यंत पूर्ण पोहोचते आणि त्याचे ७६८ करण्याचे काम संच एकदाच करतो. यातही तपशील कमी होतोच, कारण पडद्याला तेवढ्या रेषाच नाहीत. पण तो पडद्याच्या मर्यादेमुळे कमी होतो, पेटीच्या चुकीमुळे नव्हे.

याच नियमाने इतर घरांचेही उत्तर काढता येते. पडदा १९२० × १०८० चा असेल, तर पेटी 1080 वर ठेवावी, म्हणजे एचडी वाहिनीला कोणीच ताणणार नाही. पडदा फोर-के असेल तर त्यावर २१६० रेषा असतात. १०८० चे २१६० करणे म्हणजे एका रेषेच्या बरोबर दोन करणे. आपल्या आलेखाच्या कागदावर हे करून पाहा: काळी, पांढरी, काळी यांच्या जागी दोन काळ्या, दोन पांढऱ्या, दोन काळ्या येतात आणि करडी एकही येत नाही. म्हणून तेथे पेटी 1080 वर ठेवून उरलेले काम संचावर सोपवण्यात नुकसान नाही. फोर-के कार्यक्रमच पाहायचा असेल आणि पेटी ते चित्र घेऊ शकत असेल, तरच 2160p लावण्याला अर्थ आहे.

i आणि p यांची परीक्षा

आता 1080i की 1080p? येथे गणित थांबते आणि डोळ्यांनी परीक्षा घ्यावी लागते.

आकड्यापुढच्या i चा अर्थ असा की, चित्राच्या रेषा दोन हप्त्यांत येतात. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम रेषा, आणि मग दुसरी, चौथी, सहावी अशा सम रेषा. एका सेकंदाला असे ५० हप्ते येतात. p चा अर्थ, सर्व रेषा एकदम. आपल्याकडील एचडी वाहिन्यांचे चित्र सहसा हप्त्यांनीच येते. सपाट पडद्याला मात्र पूर्ण चित्र लागते, म्हणून दोन हप्ते कोणीतरी जुळवावे लागतात. पेटी 1080i वर ठेवली तर हे काम संच करतो. 1080p वर ठेवली तर पेटी करते. दोघांत हुशार कोण, हे बाहेरून कळत नाही. काही स्वस्त संच दोन हप्ते जुळवण्याऐवजी एकाच हप्त्याच्या ५४० रेषा ताणून वेळ मारून नेतात. अशा संचाला 1080i दिले, तर १०८० चा सगळा फायदा वाया जातो. म्हणून परीक्षा आवश्यक.

परीक्षेसाठी मराठी किंवा हिंदी अक्षरे फार उपयोगी पडतात, कारण आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते. एचडी वाहिनीवर स्थिर राहिलेल्या बारीक अक्षरांकडे पाहा. हप्ते नीट जुळत नसतील तर शिरोरेषा थरथरते. नंतर खालून सरकणाऱ्या ओळीकडे पाहा. अक्षरांच्या उभ्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले, तरीही जुळणी चुकत आहे असे समजावे. ज्या पर्यायात शिरोरेषा शांत आणि कडा सरळ, तो आपला.

परीक्षेपूर्वी तीन गोष्टी सांभाळा. संचाच्या चित्राच्या सेटिंगमध्ये Sharpness असते, ते अगदी खाली आणा. ते वाढवल्याने तपशील वाढत नाही; अक्षरांभोवती पांढरी कड तेवढी उमटते आणि डोळा फसतो. दुसरे, पेटीच्या मेनूतील अक्षरांवरून निकाल देऊ नका. ती अक्षरे पेटी स्वतः काढते, वाहिनीकडून ती आलेली नसतात. तिसरे, पडद्यापासून फार लांब बसू नका. ३२ इंची पडद्यावरचा एक बिंदू सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो. चांगल्या डोळ्यालाही एवढा बिंदू साधारण १.८ मीटरपर्यंतच, म्हणजे सहा फुटांपर्यंतच वेगळा दिसतो. दहा फुटांवरून पाहिलेत तर कोणताही पर्याय सारखाच वाटेल.

प्रत्यक्ष काय झाले

आजोबांच्या पेटीवर आधी 1080i लावले. क्षणभर पडदा काळा झाला आणि चित्र परत आले. नातीने संचाच्या रिमोटवरील Info चे बटण दाबले. कोपऱ्यात 1920x1080i अशी अक्षरे आली. ती आनंदाने म्हणाली, "काका, म्हणजे आपला टीव्ही फुल एचडी निघाला!" येथे पुष्कळांची फसगत होते. ती अक्षरे संचाला मिळणाऱ्या चित्राचे माप सांगतात, पडद्यावरील बिंदूंची संख्या नव्हे. पडदा ७६८ चाच होता. त्याची खरी संख्या माहितीपुस्तिकेतच पाहावी.

1080i वर धावफलकाच्या रेषा किंचित थरथरत होत्या. 1080p लावल्यावर त्या शांत झाल्या. या घरात पेटी संचापेक्षा हुशार ठरली. तुमच्या घरात उलटेही घडू शकेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. धावफलकाचे डावे टोक पडद्याबाहेर कापले जात होते. काचेच्या नळीच्या काळात चित्राच्या कडा प्रत्येक संचात थोड्या वेगळ्या पडत, म्हणून चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीआड लपवण्याची रीत होती. ती सवय काही सपाट संचांतही उतरली आहे. संचाच्या मेनूत Just Scan, Screen Fit किंवा Full Pixel अशा एखाद्या नावाने ती बंद करता येते. आजोबांच्या संचात त्यामुळे कापलेले टोक परत मिळाले. पण १०८० च्या पडद्यावर ही सवय जास्त घातक असते. चित्राच्या उंचीतला पाच टक्के भाग कापला गेला तरी १०२६ रेषांच्या १०८० केल्या जातात, म्हणजे १९ च्या २०. पेटी आणि पडदा यांचे आकडे अगदी जुळलेले असूनही चित्र पुसट होते, आणि कारण सापडत नाही.

शेवटी आजोबांना विचारले. ते खुर्चीत नीट बसून म्हणाले, "हा 6 आहे." नातीने मान डोलावली. चित्र जादूने पालटले असे मुळीच नाही. मैदान, गवत, खेळाडू पूर्वीसारखेच दिसत होते. फरक पडला तो बारीक अक्षरांत आणि आकड्यांत. डॉक्टरांकडे मात्र मी आजोबांना ठरल्याप्रमाणे जायला सांगितले. त्यांच्या वयात डोळे तपासून घेणे चांगलेच, आणि एक कारण सापडले म्हणून दुसरे कारण नसतेच असे नाही.

या नियमाच्या मर्यादा

नंतर आम्ही एक एसडी वाहिनी लावली. तेथे 720p, 1080i आणि 1080p यांत आम्हाला काहीच फरक दिसला नाही, आणि नियमाप्रमाणे दिसायलाही नको. ७२० × ५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू. आजोबांच्या पडद्यावर साडेदहा लाखांच्या जवळपास बिंदू आहेत. म्हणजे पडद्यावरच्या दर पाच बिंदूंमागे दोनच बिंदूंची माहिती वाहिनीकडून येते आणि बाकीचे अंदाजाने भरले जातात. पेटीचा आकडा मोठा केला म्हणून अंदाजाची माहिती होत नाही. काही वाहिन्यांचे चित्र पाठवण्यापूर्वी फार दाबलेले असते. वेगवान दृश्यात त्याचे चौकोनी ठोकळे दिसतात. त्यावरही पेटीच्या सेटिंगमध्ये उपाय नाही.

काही पेट्यांत Original किंवा Native असा पर्याय असतो. त्यात पेटी चित्राला हात लावत नाही. ५७६ आले तर ५७६ आणि १०८० आले तर १०८० पाठवते. माप बदलण्याचे काम एकदाच व्हावे, या दृष्टीने हा पर्याय उत्तम. पण एसडीवरून एचडीवर जाताना संचाला दर वेळी नवे माप ओळखावे लागते आणि पडदा क्षणभर काळा होतो. सारख्या वाहिन्या बदलणाऱ्या घरात हे कंटाळवाणे होते.

आणि सर्वांत आधी तार पाहा. पेटी आणि संच लाल, पांढऱ्या व पिवळ्या टोकांच्या तारेने जोडलेले असतील, तर चित्र पिवळ्या टोकातून जाते, आणि त्यातून ५७६ रेषांपेक्षा जास्त जातच नाहीत. पेटी एचडी, संच एचडी, वाहिनी एचडी, आणि मध्ये ही तार! तेथे आकडे बदलत बसण्यात अर्थ नाही. एचडीएमआय तार लावावी. मात्र पिवळ्या टोकाची तार टाकून देऊ नका. चुकून संचाला न झेपणारा आकडा लावला आणि पडदा काळाच राहिला, तर आधी थोडे थांबा; पुष्कळ पेट्या काही सेकंदांनी आपोआप मागच्या आकड्यावर येतात. तसे झाले नाही, तर बहुतेक वेळा त्याच जुन्या तारेने मेनू पाहून आकडा परत बदलता येतो.

पेटी बसवणारा माणूस दिवसातून अनेक घरे फिरतो. चित्र दिसले की त्याचे काम झाले. त्याने पडद्याचा आकडा विचारून पेटी लावावी आणि तो आकडा घरच्यांना लिहून द्यावा, असे मला वाटते. पण तोवर वाट कशाला पाहायची? आज घरी गेल्यावर एका कागदावर तीन आकडे लिहा: वाहिनीचा, पेटीचा आणि पडद्याचा. मधला आकडा दोन्ही बाजूंच्या आकड्यांहून लहान आहे का, ते पाहा. तसा असेल तर तुमच्या घरीही कोणाचा तरी 6 हरवलेला आहे. तो शोधून द्या.